प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर: छपाईच्या फाइलमध्ये कोरी पाने घालण्याची रीत

पुस्तकाची फाइल तयार करताना ही चूक इतक्यांदा होते की आता ती नीट लिहूनच काढतो. लेखक किंवा अक्षरजुळणी करणारा फाइल वाचत जातो, एखादे प्रकरण डाव्या पानावर आलेले दिसले की तिथे एक कोरे पान घालतो आणि पुढे जातो. सगळी प्रकरणे उजवीकडे आली की फाइल छापखान्यात जाते. शेवटच्या दिवशी कुणीतरी पहिल्या प्रकरणात दोन ओळी वाढवतो, आणि बांधून आलेल्या पुस्तकात दुसऱ्या प्रकरणापासून सगळी प्रकरणे डावीकडे उघडतात. माझ्या हातून एका कथासंग्रहात हे झाले आहे. पाचशे प्रती बांधून आल्यावर ते दुरुस्त करायला काहीच उरत नाही.

चूक कोरे पान घालण्यात नाही. कोरे पान कुठे हवे हे हाताने ठरवण्यात आहे. ते काम सॉफ्टवेअरकडे सोपवायचे आणि आपण फक्त मोजून पडताळायचे, अशी सगळी रीत आहे. खाली ती लिबरऑफिस रायटरमध्ये दाखवली आहे. वर्ड आणि इनडिझाइन वापरणाऱ्यांसाठी नेमका बदल मध्येच सांगितला आहे.

## आधी एका शब्दाचा घोळ मिटवू

मराठीत ‘पान’ म्हणजे कागदाची एक बाजूही होते आणि दोन्ही बाजूंसह अख्खा कागदही. छापखान्यात फोनवर ‘तिथे एक पान कोरे सोडा’ असे सांगितले, की समोरचा माणूस पाठपोट कोरा कागद घालू शकतो. मग एकाऐवजी दोन पृष्ठे वाढतात आणि प्रकरण पुन्हा डावीकडेच राहते. या लेखात पान म्हणजे एकच बाजू. छापखान्याशी बोलताना मात्र ‘पृष्ठ’ म्हणा आणि पृष्ठाचा क्रमांक सांगा.

दुसरी गोष्ट मोजणीची. मराठी पुस्तक उघडले की पहिले पृष्ठ उजवीकडे असते. म्हणून १, ३, ५ उजवीकडे आणि २, ४, ६ डावीकडे. ही मोजणी आतल्या फाइलच्या पहिल्या पृष्ठापासून करायची. मुखपृष्ठाची फाइल वेगळी असते. वाचायला सोयीचे म्हणून कुणी मुखपृष्ठ त्याच पीडीएफच्या सुरुवातीला जोडले, की सगळी गणती एकाने सरकते आणि बरोबर असलेली प्रकरणे चुकीची दिसू लागतात. असे ‘दुरुस्त’ करून बिघडवलेल्या फाइलीही मी पाहिल्या आहेत.

## टप्पा १: मजकूर बंद करा, मग कागदावर हिशेब मांडा

प्रूफ पूर्ण वाचून झालेले असावे. पुस्तकाचा आकार, टाइप, टाइपाचा आकार, ओळींमधले अंतर आणि समास ठरलेले असावेत. यातले काहीही नंतर बदलले, की प्रत्येक प्रकरणाची पृष्ठसंख्या बदलू शकते.

मग प्रत्येक भागाची पृष्ठे मोजून यादी करा. उदाहरण म्हणून सात प्रकरणांचे एक छोटे पुस्तक घेऊ. सुरुवातीची पाने अशी आहेत: १ वर नुसते पुस्तकाचे नाव, २ कोरे, ३ वर शीर्षकपृष्ठ, ४ वर हक्क-आवृत्ती-किमतीचा तपशील, ५ वर अर्पणपत्रिका, ६ कोरे, ७ ते ९ मनोगत, १० कोरे, ११ वर अनुक्रमणिका, १२ कोरे. म्हणजे पहिले प्रकरण १३ वर.

प्रकरणांची लांबी अनुक्रमे १४, ११, ९, १६, ७, १२ आणि १३ पृष्ठे आहे. आता मांडणी करू:

- पहिले १३ ते २६
- दुसरे २७ ते ३७, मग ३८ कोरे
- तिसरे ३९ ते ४७, मग ४८ कोरे
- चौथे ४९ ते ६४
- पाचवे ६५ ते ७१, मग ७२ कोरे
- सहावे ७३ ते ८४
- सातवे ८५ ते ९७

नियम लक्षात येईल. प्रकरण उजवीकडे सुरू झाले असेल आणि त्याची पृष्ठे सम असतील, तर कोरे पान लागत नाही. विषम असतील तर एक लागते.

ताळा: यादीत प्रत्येक प्रकरणाचा सुरुवातीचा आकडा विषम आहे का ते पाहा. एकही सम आला, तर बेरीज चुकली आहे.

## टप्पा २: कोरे पान टाळता येते का ते पाहा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पैसे इथेच वाचतात. वरच्या पुस्तकाची ९७ पृष्ठे झाली. पुस्तक १६ पृष्ठांच्या फर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या संचांत, छापायचे असेल तर सहा फर्म्यांत ९६ बसतात. त्या एका पृष्ठासाठी आणखी अर्धा फर्मा लावावा लागेल. म्हणजे १०४ पृष्ठे, आणि शेवटची सात कोरी.

आता तिसऱ्या प्रकरणाचे शेवटचे पृष्ठ, ४७ वे, बघा. समजा त्यावर चारच ओळी आहेत. त्या चार ओळी मागे घेता आल्या तर प्रकरण नऊऐवजी आठ पृष्ठांचे होते. आठ सम आहे, म्हणून ४८ वे कोरे पृष्ठही नको. चार ओळींनी दोन पृष्ठे वाचली. चौथे प्रकरण ४७ ते ६२, पाचवे ६३ ते ६९, ७० कोरे, सहावे ७१ ते ८२ आणि सातवे ८३ ते ९५. शेवटी एक कोरे पृष्ठ धरले की बरोबर ९६, पूर्ण सहा फर्मे.

ओळी मागे घ्यायच्या तर ज्या परिच्छेदांच्या शेवटच्या ओळीत एकदोनच शब्द आहेत असे परिच्छेद शोधा. तिथे एखादा शब्द कमी करता येतो किंवा अक्षरांमधले अंतर अगदी किंचित आवळता येते. शब्द काढायचा असेल तर लेखकाला विचारूनच. संपूर्ण प्रकरणाचा टाइप अर्ध्या पॉइंटने लहान करू नका. वाचकाला कारण सांगता आले नाही, तरी त्या प्रकरणाचा पोत वेगळा असल्याचे त्याला जाणवते.

याच जागी आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. चाळीस छोट्या ललित लेखांचे पुस्तक असेल तर साधारण निम्मे लेख विषम पृष्ठावर संपतील, म्हणजे वीसेक कोरी पृष्ठे आली. एक फर्मा कोऱ्या कागदात गेला. अशा पुस्तकात माझे मत स्पष्ट आहे: लेख येईल त्या पृष्ठावर सुरू होऊ द्या आणि फक्त विभागांची सुरुवात उजवीकडे ठेवा. कवितासंग्रहालाही हेच लागू आहे.

## टप्पा ३: हाताने घातलेली सगळी कोरी पाने काढा

नवी व्यवस्था लावण्याआधी जुनी पूर्ण निघाली पाहिजे. हा क्रम उलटा केला तर हाताने घातलेली आणि आपोआप आलेली अशी दोन प्रकारची कोरी पाने एकमेकांत मिसळतात आणि कुठले कुणाचे ते कळत नाही.

रायटरमध्ये `Ctrl+F10` दाबून परिच्छेदाची चिन्हे दाखवा. पान संपवण्यासाठी मारलेले रिकामे एंटर लगेच दिसतील. ते शोधायला `Find & Replace` मध्ये `Regular expressions` वर खूण करून शोधायच्या जागी `^$` लिहा. सगळे एकदम बदलू नका, एकेक पाहत जा. कवितेतल्या कडव्यांमधली रिकामी ओळही यात सापडते, आणि ती तिथेच राहायला हवी.

`Ctrl+Enter` ने घातलेला पानतोड पृष्ठाच्या वरच्या कडेला निळ्या तुटक रेषेने दिसतो. रेषेवर क्लिक केले की `Delete Page Break` मिळते.

ताळा: हे झाल्यावर सगळी प्रकरणे एकामागोमाग एक, पान न तुटता, सलग वाहताना दिसली पाहिजेत. फाइल विस्कटलेली दिसेल. तशीच दिसायला हवी.

## टप्पा ४: ‘उजवीकडेच सुरू हो’ हे शैलीला सांगा

आता प्रत्येक प्रकरणाच्या शीर्षकाला एकच परिच्छेदशैली लावलेली असावी, उदाहरणार्थ `Heading 1`. मोठा ठळक टाइप हाताने लावून केलेले शीर्षक चालणार नाही, कारण सॉफ्टवेअरला ते शीर्षक आहे हे कळतच नाही. शीर्षकपृष्ठ, अर्पणपत्रिका, मनोगत आणि अनुक्रमणिका यांनाही उजवे पान हवे असेल, तर त्यांच्या शीर्षकांनाही अशी व्यवस्था असलेली शैली हवी.

मग तीन कामे, याच क्रमाने.

१. `F11` दाबून शैलींची पट्टी उघडा आणि `Page Styles` मध्ये जा. `Default Page Style` च्या `Page` टॅबमध्ये `Page layout` हे `Mirrored` करा. आता आतला आणि बाहेरचा समास वेगवेगळा देता येतो. बांधणीकडचा समास मोठा ठेवा.

२. नवी पृष्ठशैली करा आणि तिला ‘प्रकरणारंभ’ असे नाव द्या. तिच्या `Page` टॅबमध्ये `Page layout` हे `Only right` निवडा. `General` टॅबमध्ये `Next style` म्हणून `Default Page Style` द्या. इथे समासाला आतला-बाहेरचा असे न म्हणता डावा-उजवा म्हटलेले असते. उजव्या पृष्ठाची बांधणी डावीकडे असते, म्हणून डाव्या समासाला आतल्या समासाचे माप द्या. प्रकरणाच्या पहिल्या पृष्ठावर माथ्याची ओळ नको असेल तर याच शैलीत ती बंद ठेवा.

३. `Heading 1` ची परिच्छेदशैली उघडा. `Text Flow` टॅबमध्ये `Breaks` खाली `Insert` वर खूण करा, `Type` हे `Page`, `Position` हे `Before`. मग `With page style` वर खूण करून ‘प्रकरणारंभ’ निवडा. पृष्ठक्रमांकाच्या चौकटीवर खूण करू नका, नाहीतर प्रत्येक प्रकरण पुन्हा त्याच आकड्यापासून सुरू होईल.

लगेच सगळी प्रकरणे आपापल्या जागी जातील. कोरे पान पडद्यावर दिसेलच असे नाही. पृष्ठक्रमांक ३७ वरून थेट ३९ वर गेलेला दिसेल. ही चूक नाही. ३८ वे पृष्ठ रायटरने धरले आहे, आणि त्यावर माथ्याची ओळ किंवा क्रमांक येत नाही.

वर्डमध्ये हेच काम `Layout` > `Breaks` > `Odd Page` करते. प्रत्येक शीर्षकाच्या आधी जुना पानतोड काढून हा विभागतोड घाला, आणि पृष्ठक्रमांकाच्या सेटिंगमध्ये `Continue from previous section` ठेवा. तिथेही कोरे पान पडद्यावर दिसत नाही, पीडीएफमध्ये येते. इनडिझाइनमध्ये शीर्षकाच्या परिच्छेदशैलीत `Keep Options` उघडून `Start Paragraph` हे `On Next Odd Page` करा. मात्र तिथले सुटलेले पृष्ठ नेहमीच्याच पॅरेंट पृष्ठावर, म्हणजे पूर्वी मास्टर म्हणत त्या नमुना-पृष्ठावर असते, म्हणून कोऱ्या पानावरही माथ्याची ओळ आणि क्रमांक छापले जातात. त्या पृष्ठांना `[None]` हे पॅरेंट पृष्ठ लावा, आणि हे काम मजकूर पूर्ण बंद झाल्यावर सर्वांत शेवटी करा.

ताळा: पहिल्या प्रकरणात तात्पुरता एक पृष्ठभर मजकूर चिकटवा. १४ ची १५ पृष्ठे होतील, म्हणजे ते २७ वर संपेल आणि दुसरे प्रकरण २९ वर गेले पाहिजे. पुढची सगळी प्रकरणे दोन-दोनने सरकतील, पण विषमच राहतील. हाताने घातलेली कोरी पाने असती तर दुसरे २८ वर आणि तिसरे ४० वर, दोन्ही डावीकडे आली असती. पडताळून झाले की `Ctrl+Z`.

## टप्पा ५: पृष्ठक्रमांक आणि अनुक्रमणिका

आपल्याकडे सुरुवातीच्या पानांना एक, दोन, तीन असे अक्षरी क्रमांक देऊन मुख्य मजकूर १ पासून मोजण्याची पद्धत बरीच चालते. तसे करायचे असेल तर सुरुवातीची पृष्ठे सम असलीच पाहिजेत. उदाहरणात ती १२ आहेत, म्हणून मुख्य मजकुराचे १ हे फाइलमधले १३ वे पृष्ठ ठरते आणि उजवीकडे येते. शेवटचे कोरे पृष्ठ विसरून ११ च ठेवली, तर १ हा क्रमांक डाव्या पृष्ठावर बसतो आणि सबंध पुस्तकात विषम आकडे डावीकडे येतात. एकाच फाइलमध्ये रायटर हे सांभाळून घेतो. सुरुवातीची पाने वेगळ्या पीडीएफमध्ये असतील तर कुणीच सांभाळत नाही.

नंतर `Tools` > `Update` मधून अनुक्रमणिका ताजी करा. ती वाढून दोन पृष्ठांची झाली तरी घाबरायचे कारण नाही. ११ आणि १२ भरतील, कोरे पृष्ठ नाहीसे होईल आणि पहिले प्रकरण १३ वरच राहील.

शेवटचे ९६ वे पृष्ठ मात्र आपोआप येत नाही, कारण त्याच्यापुढे उजवीकडे सुरू होणारे काहीच नाही. माथ्याची ओळ आणि क्रमांक नसलेली एक पृष्ठशैली करून शेवटी पानतोडाने ते स्वतः घाला. हाताने घालायचे कोरे पान हे एवढेच.

## टप्पा ६: पीडीएफ काढताना एक खूण

इथे सर्वांत जास्त फाइली फसतात. आतापर्यंतचे सगळे बरोबर असूनही पीडीएफमध्ये कोरी पृष्ठे गायब होतात, कारण रायटर आपण न घातलेली पृष्ठे पीडीएफमध्ये देऊही शकतो आणि वगळूही शकतो. `Export as PDF` च्या खिडकीत `General` टॅबमध्ये `Export automatically inserted blank pages` असा पर्याय आहे. त्यावर खूण असलीच पाहिजे. थेट बटणावर क्लिक करून पीडीएफ काढली तर ही खिडकी उघडतच नाही, म्हणून नेहमी मेनूतूनच जा.

ही चूक ओळखायला पृष्ठसंख्या पुरते. आपल्या पुस्तकात २, ६, १०, १२, ३८ आणि ७० ही सहा कोरी पृष्ठे आपोआप आलेली आहेत. पीडीएफ ९६ ऐवजी ९० पृष्ठांची निघाली, तर ती सहाच्या सहा गळाली आहेत.

## टप्पा ७: प्रकरणे वेगवेगळ्या पीडीएफमध्ये आली असतील तर

कधीकधी मूळ फाइल मिळत नाही, प्रकरणवार पीडीएफच हातात येतात. त्या जोडताना मध्ये कोरी पृष्ठे घालता येतात, पण एका अटीवर. प्रत्येक प्रकरणाच्या पीडीएफवर छापलेला पहिला पृष्ठक्रमांक विषम असला पाहिजे. दुसरे प्रकरण ३७ वर संपून तिसरे ३९ ने सुरू होत असेल, तर ३८ ची जागा सोडलेली आहे आणि तिथे कोरे पृष्ठ घालायचे. तिसरे ३८ ने सुरू होत असेल तर काहीही घालू नका. घातले तर उजव्या पृष्ठावर ३८ छापले जाईल आणि पुढचे सगळे क्रमांक व अनुक्रमणिका खोटी पडेल. अशी फाइल मूळ मांडणी करणाऱ्याकडेच परत पाठवावी लागते.

जागा सोडलेली असेल तर `qpdf` या कमांड-लाइनवरच्या साधनाने जोडणी अशी:

```
qpdf --empty --pages 00.pdf 01.pdf 02.pdf blank.pdf 03.pdf -- book.pdf
qpdf --show-npages book.pdf
```

`00.pdf` मध्ये सुरुवातीची बाराही पृष्ठे आहेत. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने वाढवत जा. दुसरी ओळ एकूण पृष्ठे सांगते.

`blank.pdf` कुठूनही उचलू नका. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ज्या पृष्ठाकारात पुस्तक केले, त्यातच एक रिकामे पृष्ठ काढा. ए-४ मापाचे कोरे पृष्ठ मध्ये घुसले, की छापखान्याचे सॉफ्टवेअर एक तर फाइल नाकारते किंवा पृष्ठ आपल्या मनाने लहानमोठे करते. चित्रांसाठी कडेबाहेर जास्तीची जागा सोडलेली असेल, तर ती जागा कोऱ्या पृष्ठातही तितकीच असली पाहिजे.

## टप्पा ८: छापखान्यात देण्याआधी

ॲक्रोबॅटमध्ये `View` > `Page Display` मधून `Two Page View` आणि `Show Cover Page in Two Page View` दोन्ही चालू करा. दुसरा पर्याय चालू नसेल तर १ आणि २ शेजारी दिसतात आणि सगळे उलटे वाटते. तो चालू असला की पहिले पृष्ठ एकटे उजवीकडे येते, अगदी पुस्तकासारखे. आता शेवटपर्यंत पाने उलटा. प्रत्येक प्रकरण उजवीकडे हवे, आणि कोऱ्या पृष्ठांवर माथ्याची ओळ किंवा क्रमांक राहिलेला नको. मी हे पुन्हा एकदा कागदावरची यादी शेजारी ठेवून करतो. नुसत्या डोळ्याला विसाव्या जोडीनंतर चूक दिसेनाशी होते.

फाइलसोबत एक चिठ्ठी पाठवा: ‘एकूण पृष्ठे ९६. पृष्ठ २, ६, १०, १२, ३८, ७०, ९६ कोरी आहेत. ती मुद्दाम ठेवली आहेत, काढू नयेत.’ ही चिठ्ठी नसेल तर फर्म्याची जुळणी करणारा एखादा मनुष्य चांगल्या हेतूने कोरी पृष्ठे काढून टाकतो. त्याला ती विसरून राहिलेली वाटतात.

आणि छपाईआधी घडी घातलेली डमी मागवा. ती हातात आली की आधी ३७ वे पृष्ठ उघडा, मग तो कागद उलटा. पाठीमागे ३८ कोरे आणि समोर उजवीकडे ३९ वर तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक दिसले, तर छपाईला होकार द्या.